रामा रंगाचे सात दुपट्टे परत आले, त्यानंतरच्या नोंदी

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. घरी दोन माग आहेत. सासरे आणि माझे यजमान कोसा रेशीम विणतात, सासरे लड्या घरीच रंगवतात आणि फोनवरून विक्री मी बघते. मुख्य माल दुपट्टे आणि स्टोल, मधून मधून करवतकाठी साडी. फोटो टाकायचे, रंगाचं नाव लिहायचं, ऑर्डर आली की तालुक्याला जाऊन पार्सल करायचं, असं चाललं होतं. रंगामुळे माल परत यायला लागला तेव्हा या नोंदी सुरू केल्या. ज्यांना घरून कापड विकायचं आहे त्यांचा वेळ वाचावा, म्हणून चुका होत्या तशाच ठेवल्या आहेत.

8 ऑक्टोबर

दसरा आटोपला आणि परतीची पार्सलं मोजायला बसले. जुलैपासून 86 नग गेले, 19 परत आले. त्यातले 13 फक्त रंगासाठी. बाकी सहांची कारणं वेगळी आहेत (लांबी, एक फाटका, एक पत्ता चुकलेला वगैरे), ती इथे लिहीत नाही.

जाण्यायेण्याचं कुरियर, नवी पिशवी आणि परत इस्त्री मिळून एका परतीला साधारण 205 रुपये लागतात. तेरांचे 2665 झाले. दोन दुपट्ट्यांना अत्तराचा वास लागला होता, ते नवे म्हणून विकता येत नाहीत, ते वेगळेच.

तेरांची वाटणी पाहिल्यावर गोष्ट थोडी उलगडली. निळ्या-हिरव्याच्या मधल्या रामा रंगाचे सात, बिनरंगी नैसर्गिक कोशाचे तीन, वांगी रंगाचे दोन आणि डाळिंबी एक. शेंदरी आणि अबोली यांतला एकही परत नाही. हे दोन्ही बरेच खपले असूनही नाही. हे काहून, ते शोधायचं आहे.

12 ऑक्टोबर

रामावाल्या सातही जणींना फोन लावले, पाच बोलल्या. बाकी दोघींचे जुने मेसेज वाचले. मला वाटलं होतं की सगळ्या एकच सांगतील. पाच जणींची तक्रार "हिरवा आला" अशी निघाली आणि दोघींची "निळा आला" अशी. फोटो एकच, नाव एकच.

"निळा आला" म्हणणाऱ्या पुण्याच्या ताईंना विचारलं, फोटो कधी पाहिला होता? रात्री अकराला, झोपताना. त्यांच्या फोनवर संध्याकाळनंतर पडदा आपोआप पिवळट होतो, डोळ्यांना त्रास नको म्हणून. बोलता बोलता त्यांनी तो मोड बंद करून तोच फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "अहो ताई, हा तर वेगळाच रंग आहे." पिवळ्या झाकेखाली निळ्यातला निळेपणा मरतो आणि रंग हिरवा भासतो. त्यांनी हिरवा समजून मागवला, घरी आला तो त्या मानाने निळा.

हे एकीचं झालं. बाकीच्या पाच "हिरवा आला" का म्हणतात, ते यावरून कळत नाही.

13 ऑक्टोबर

कळलं. लिहायला जड जातं, पण दोष पडद्याचा कमी आणि आमचा जास्त आहे.

रामाचा फोटो मी जूनमध्ये काढला होता. पाऊस होता म्हणून अंगणात निळी ताडपत्री बांधली होती आणि तिच्याखालीच दुपट्टा टांगला होता. ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड निळा, म्हणून फोटोतला रामा खऱ्याहून निळा. आमच्या डोळ्यांना ते त्या वेळी जाणवलं नाही, कारण डोळा उजेडाला सरावतो. फोन तेवढा सरावत नाही.

दुसरं. त्या फोटोतली लडी जूनची होती. ती संपल्यावर सासऱ्यांनी ऑगस्टमध्ये पुन्हा रामा रंगवला. कोशाला जो ऍसिडचा रंग लावतात तो पाण्याची उष्णता, आंबटपणा आणि उकळायचा वेळ यांवर कमीजास्त चढतो. रामा तर निळा आणि पिवळा रंग मिसळून होतो, त्यामुळे एक थोडा जास्त चढला की सगळी छटा सरकते. ऑगस्टची खेप उघड हिरवट आहे. दोन्ही खेपांचे दुपट्टे शेजारी ठेवले तर लहान मूलही सांगेल. मी मात्र जूनचाच फोटो चालू ठेवला होता.

पार्सलची वही काढून जुळवलं. परत आलेल्या सातांपैकी चार ऑगस्टच्या खेपेचे. चौघीही "हिरवा आला" म्हणणाऱ्या. खरंच हिरवाच गेला होता.

म्हणून पहिला नियम: पडद्याला बोल लावण्याआधी फोटोतला नग आणि पाठवलेला नग एकाच खेपेचे आहेत का ते बघा.

16 ऑक्टोबर

नवे फोटो काढायला दोन दुपारी घातल्या, दोन्ही वाया गेल्या.

आधी कडुनिंबाच्या सावलीत काढले. पानांतून येणारा उजेड हिरवा, नैसर्गिक कोसासुद्धा हिरवट दिसला. मग भर उन्हात. कोशाला चमक असते, ऊन सरळ पडलं की वरचा भाग पांढरा जळतो आणि घडीतला काळा पडतो, खरा रंग मधल्या बोटभर पट्टीत उरतो. मग उत्तरेकडच्या ओसरीत. तिथे ऊन येत नाही पण उजेड भरपूर, जागा योग्य वाटली. फोटो तरीही हिरवट. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की ओसरीची भिंत पोपटी डिस्टेंपरची आहे आणि दुपट्टा तिच्यापासून हातभरच लांब होता.

18 ऑक्टोबर

जागा ओसरीचीच ठेवली. पांढरे थर्माकोलचे दोन मोठे पत्रे आणले, 80 रुपये. एक दुपट्ट्याच्या मागे, दुसरा भिंतीकडच्या बाजूला आडवा. वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी तीन. त्याच्या आधी आणि नंतर उजेड पिवळा होत जातो. दुपट्टा अंगणाच्या उजेडाला तिरका, म्हणजे चमक लेन्समध्ये येत नाही. घरातला दिवा बंद. एका फोटोत बाहेरचा उजेड आणि बल्ब असे दोन्ही असले की नंतर कशानेही दुरुस्त होत नाही, कारण कापडाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर असते.

फोटो बरेच सुधारले. पण नैसर्गिक कोसा अजून मधाळ न दिसता राखेसारखा दिसतो. हे वेगळं दुखणं आहे.

27 ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होतं.

राखेसारख्या कोशाचं कारण तुमसरला लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी सांगितलं. फोन आपल्या मनाने ठरवतो की उजेड पिवळा आहे का निळा, आणि त्याप्रमाणे रंग उलट्या बाजूला ढकलतो. चौकट भरून एकच पिवळसर कापड असलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे. मग तो कापडाचा पिवळेपणा काढून टाकतो. नैसर्गिक कोशाची तीन पार्सलं याच कारणानं परत आली होती. फोटोत करडा दिसला, हातात सोनेरी आला.

उपाय म्हणून मी कापडाशेजारी झेरॉक्सचा पांढरा कागद ठेवला आणि नंतर स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरनं त्या कागदावर टेकवलं, म्हणजे "हे पांढरं आहे, याच्यावरून बाकीचं ठरव". आता सगळे फोटो पिवळे झाले. चार तास गेले, कारण चूक कागदात असेल असं मनातच आलं नाही.

29 ऑक्टोबर

कागद घेऊन परत दादांकडे गेले. त्यांनी शेजारच्या मेडिकलमधून नकली नोट ओळखायचा जांभळा दिवा आणला, दुकानाचा पडदा ओढला आणि दिव्याखाली माझा कागद धरला. कागद निळा पेटल्यासारखा चमकला. त्याच्या शेजारी त्यांनी खिशातली शंभराची नोट धरली. तिचे आकडे आणि बारीक तंतू तेवढे चमकले, कागद काळाच राहिला.

झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं. ते उन्हातली न दिसणारी जांभळ्यापलीकडची किरणं घेऊन निळा उजेड बाहेर टाकतं. म्हणून दिवसाच्या उजेडात तो कागद पांढरा नसून किंचित निळा असतो. त्याला पांढरं मानलं की तेवढं पिवळं सगळ्या फोटोत मिसळतं. लख्ख धुतलेल्या पांढऱ्या कपड्याचंही तेच, कारण साबणाच्या पावडरीतही असं रसायन असतं.

मग काय वापरायचं? त्यांनी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप सांगितली. तीही दिव्याखाली धरली, अजिबात चमकली नाही. 25 रुपयांची गुंडाळी. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर बारा-पंधरा पदर गुंडाळायचे, कारण एक पदर पारदर्शक असतो आणि खालचा पुठ्ठा रंग देतो. बाजारात राखाडी कार्ड मिळतं, तेही चालतं, पण महाग आहे आणि आमच्याकडे मिळत नाही.

2 नोव्हेंबर

टेपच्या पुठ्ठ्यानं फोटो जमले. एक अट मात्र आहे, तिच्यावर मी एक सकाळ घालवली. टेप फोटोत जळून गेलेली पांढरी दिसता कामा नये. ती इतकी उजळ झाली की तिच्यात रंगाची काही माहितीच उरत नाही आणि ड्रॉपर काहीही ठरवतो. फोटो काढताना पडद्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची, टेप फिकट राखाडी दिसेपर्यंत. मग ड्रॉपर, मग उजेड परत वाढवायचा. रंग भडक करायच्या पट्टीला हात लावायचा नाही.

पुठ्ठा फोटोतच राहू देते, कोपऱ्यात. कापून टाकत नाही.

9 नोव्हेंबर

आज नावांची परीक्षा घेतली. आमच्या बचत गटाच्या बैठकीत नऊ जणी होत्या. सतरंजीवर रंगीत लड्यांचे चोवीस तुकडे नुसते अंक लावून पसरले आणि एकेकीला बाजूला बोलावून विचारलं: यातला अबोली कोणता? शेंदरी कोणता? रामा? मोरपंखी? चिंतामणी?

अबोलीला आठ जणींनी एकाच तुकड्यावर बोट ठेवलं, नववीनं शेजारच्यावर. शेंदरीला नऊच्या नऊ. रामाला चार वेगळे तुकडे उचलले गेले, दोन निळ्याकडचे आणि दोन हिरव्याकडचे. चिंतामणीला पाच तुकडे, आणि दोघी म्हणाल्या, "हे नाव आयकलं आहे, पण रंग माहीत नाही जी."

मोरपंखीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. पाच जणींनी निळा उचलला, चौघींनी हिरवा. त्यांच्यातल्या एका काकूंना विचारलं, हिरवा कसा? त्या म्हणाल्या, "पीस पाह्य ना बाई, पीस हिरवंच रायते. निळी तं मोराची मान." काकूंचं चूक नाही. निळा उचलणाऱ्या मानेकडे पाहत होत्या, हिरवा उचलणाऱ्या पिसाकडे.

आता 8 ऑक्टोबरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शेंदूर आणि अबोलीचं फूल सगळ्यांनी डोळ्यानं पाहिलेलं आहे आणि नाव घेतलं की बहुतेकींच्या डोळ्यापुढे एकच रंग येतो. फोटो थोडा चुकला तरी नाव वाचून बाई मनात तो दुरुस्त करते. रामा नावाची कुठलीही वस्तू नाही, चिंतामणी कुणी हातात घेतलेला नाही. तिथे नाव मदत करत नाही, सगळा भार फोटोवर पडतो. आणि रामा नेमका असा रंग आहे की तो फोटोतही नीट येत नाही.

14 नोव्हेंबर

तीन फोनवर तोच दुरुस्त केलेला फोटो लावला: माझा, नणंदेचा आणि पुतण्याचा. खरा दुपट्टा ओसरीत शेजारी. माझ्या साध्या पडद्यावर रामा थोडा मळका दिसला. नणंदेच्या फोनवर भडक, दागिन्यासारखा, कारण तिचा पडदा "व्हिव्हिड"वर होता. तो साध्या मोडवर केला की दोन्ही फोन जवळ आले. पुतण्याच्या फोनवर उजेड इतका कमी होता की बाटलीचा हिरवा वाटला. डाळिंबी आणि शेंदरी तिन्ही फोनवर थोडे वेगळे, पण ओळखू येत होते. रामा तीन वेगळे रंग होता.

साध्या पडद्यांना गडद हिरवट निळा रंग पुरता दाखवताच येत नाही. तो त्यांच्या आवाक्याच्या काठावर किंवा बाहेर पडतो, मग प्रत्येक पडदा आपला जवळचा रंग दाखवतो. म्हणजे माझा फोटो कितीही बरोबर असला तरी रामासाठी पुरेसा नाही. इथून पुढे काम शब्दांचं आणि कापडाच्या तुकड्याचं.

20 नोव्हेंबर

मजकूर पाच वेळा लिहिला आणि खोडला. "सुंदर, मोहक रामा" यातून काही कळत नाही, हे आधीच काढून टाकलं. तुलनेसाठी अशी वस्तू हवी होती जी विदर्भातही आहे आणि पुण्या-मुंबईतही, आणि दोन्हीकडे रंग एकच. फुलं झाडागणिक बदलतात, डाळी फिक्या-गडद असतात. मग दादांनी जांभळ्या दिव्याखाली धरलेली शंभराची नोट आठवली. सध्याच्या नोटांचे रंग सगळीकडे एक आहेत: शंभराची फिकट जांभळी, पन्नासची झळाळती निळी, दोनशेची झगझगीत पिवळी, वीसची हिरवट पिवळी, दहाची चॉकलेटी, पाचशेची दगडी राखाडी. मळकी नोट घ्यायची नाही, एवढंच. नोटेचा फोटो मी कुठेही टाकत नाही, फक्त शब्दात लिहिते.

रामाच्या जूनच्या खेपेचा मजकूर शेवटी असा झाला:

"रामा, खेप रा-1. निळा आणि हिरवा यांच्या मधला गडद रंग, निळ्याकडे झुकलेला. कोऱ्या पन्नासच्या नोटेपेक्षा बराच गडद आणि हिरवट. मोराच्या मानेपेक्षा हिरवा, पिसापेक्षा निळा. आकाशी नाही, बाटलीचा हिरवा नाही. उन्हात निळा जास्त दिसतो, ट्यूबलाइटखाली काळपट. फोटो दिवसा ओसरीत काढला आहे. पडद्याचा रात्रीचा पिवळा मोड बंद करून पाहावा."

यात सगळ्यात उपयोगी काय ते नंतर गिऱ्हाइकांच्या बोलण्यावरून कळलं. एक म्हणजे "कोणाकडे झुकलेला", दुसरं म्हणजे "काय नाही". "आकाशी नाही" वाचून दोघींनी ऑर्डर दिलीच नाही. त्या दोन परती वाचल्या असं मी धरते.

28 नोव्हेंबर

रंगनोंदीची वही सुरू केली, 60 रुपयांचं जाड रजिस्टर. आता प्रत्येक खेपेला क्रमांक आहे. माग उतरवताना जो तुकडा उरतो त्यातून दोन इंचाचे चौकोन कापते. एक वहीत, बाकी पाकिटात.

सुरुवातीला लडीचाच धागा चिकटवला होता. तो उपयोगाचा नाही, कारण विणल्यावर ताणा-बाणा मिळून रंग वेगळा दिसतो, कापडच हवं. दुसरी चूक डिंकाची. डिंक कोशात मुरला आणि चौकोन कायमचा गडद झाला, ओला असल्यासारखा. आता एका कडेला फक्त स्टेपल मारते, म्हणजे तुकडा उचलून उजेडात धरता येतो. वही पेटीत बंद ठेवते, उघडी ठेवली की रंग विटतो.

तुकड्याशेजारी एवढंच लिहिते: खेप क्रमांक, रंगवल्याची तारीख, सासऱ्यांनी किती रंग किती कोशाला घातला ते, दिवसा कसा दिसतो, ट्यूबलाइटखाली कसा दिसतो, आणि आधीच्या खेपेपेक्षा कुठे सरकला. ऑगस्टच्या खेपेसमोर, म्हणजे रा-2 समोर लिहिलं आहे: "रा-1 पेक्षा उघड हिरवा. वेगळा फोटो. रामा म्हणून विकू नये, 'हिरवा रामा' लिहावे."

6 डिसेंबर

वांगी रंगाचे दोन दुपट्टे राहिले होते. दोघींची तक्रार एकच होती: "काठ वेगळ्या रंगाचा आहे." सासऱ्यांना हे पटेना. अंग कोशाचं, काठ सुताचा, आणि दोन्ही वांगी एकमेकांना जुळवून रंगवलेले. त्यांनी दुपट्टा अंगणात नेला. "पाहा सूनबाई, काही फरक दिसते का? चाळीस वर्सं झाली, उन्हातच जुळवतो मी." उन्हात खरंच फरक नव्हता.

तोच दुपट्टा मी आत आणून एलईडी बल्बखाली धरला. अंग लालसर झालं, काठ निळसर राहिला. सासरे खूप वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच दुपट्टा घेऊन दोनदा आत-बाहेर गेले.

कारण असं की कोशाला लागतो तो रंग सुताला लागत नाही, सुताचा वेगळा. दोन वेगळी रसायनं एका उजेडात सारखी दिसू शकतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात. दिव्याच्या उजेडात सगळे रंग उन्हासारखे सारख्या प्रमाणात नसतात. गडद जांभळ्या, वांगी, करड्या रंगात हे जास्त होतं. दुपट्टे घातले जातात ते संध्याकाळच्या लग्नात, दिव्याखाली. इथे फोटोचा काही दोष नव्हता. घरातले पाच वांगी दुपट्टे "दिव्याखाली काठ निळसर दिसतो" असं स्पष्ट लिहून 150 रुपये कमी करून विकले, पाचही गेले, एकही परत आला नाही.

पुढचा उपाय सासऱ्यांनी काढला. वांगी अंगाला आता वांगी काठ लावायचा नाही, मोहरी पिवळा लावायचा. दोन रंग मुळातच वेगळे असले की ते जुळत नाहीत अशी तक्रार उरत नाही. आणि रंग जुळवायचाच असेल तिथे ते आता उन्हात एकदा आणि ओसरीतल्या बल्बखाली एकदा असे दोनदा पाहतात.

11 जानेवारी

तुकडे पोस्टानं पाठवणं डिसेंबरपासून चालू आहे. सगळ्यांना पाठवत नाही. रामा, वांगी, नैसर्गिक कोसा आणि दोनपेक्षा जास्त नग घेणाऱ्यांनाच. साधं पाकीट, पाच रुपयांचं तिकीट, आत तुकडा स्टेपल केलेली चिठ्ठी आणि तिच्यावर खेप क्रमांक. पाकिटासकट सात रुपये पडतात.

आतापर्यंत 24 गेले. 15 जणींनी तोच रंग घेतला, तिघींनी तुकडा पाहून दुसरा रंग मागितला, सहा जणींचं काही कळलं नाही. त्यातल्या एकीला पाकीट मिळालंच नाही. तोटा वेळेचा: पोहोचायला पाच ते आठ दिवस, तोवर तो नग बाजूला ठेवावा लागतो. लग्नाच्या घाईत असलेल्या दोघी थांबल्या नाहीत, दुसरीकडून घेतला.

चिठ्ठीवर आता एक ओळ वाढवली आहे: "तुकडा हातात धरून खिडकीजवळ पाहा, मग रात्री दिव्याखाली पाहा." पहिल्या आठवड्यात एका ताईंनी तुकडा फोनच्या पडद्याला लावून पाहिला आणि रंग जुळत नाही म्हणून कळवलं. पडद्याशी तुलना करायचीच नाही, हे मला लिहायला हवं होतं.

16 फेब्रुवारी

15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी: 71 नग गेले, 9 परत, त्यातले रंगासाठी 4. खर्च थर्माकोल 80, टेप 25, रजिस्टर 60, पाकिटं आणि तिकिटं 168, वांगी दुपट्ट्यांची सूट 750. सगळे 1083. फोटो आणि नोंदींसाठी दर खेपेला साधारण दीड तास जातो, तो यात धरलेला नाही.

रामा एकही परत आला नाही. नऊ गेले होते, त्यातले सहा तुकडा पाहून.

चार परतींपैकी एक भेट म्हणून दिलेला होता, घेणारीला गुलाबी रंगच आवडत नाही, त्याला काही इलाज नाही. एक नैसर्गिक कोशाचा. त्याचा मजकूर बरोबर होता, पण दुपट्ट्याच्या एका टोकाला गडद कोशाचा पट्टा आला होता आणि फोटो दुसऱ्या टोकाचा. नैसर्गिक कोसा कोषागणिक फिका-गडद निघतो. आता त्याची दोन्ही टोकं उलगडून फोटो काढते.

उरलेले दोन धूपछाव स्टोल आहेत आणि ते सुटलेले नाहीत. ताणा निळा, बाणा पोपटी. सरळ धरला तर निळा, तिरका केला की हिरवा, चालताना दोन्ही. एका फोटोत एकच बाजू येते. दोन इंचाचा तुकडा पाठवला तर तोही चिठ्ठीवर सपाट असतो, एकच रंग दाखवतो. दोघींना तुकडे पाठवले होते, तरीही परत आले. कालपासून चार इंचाचे तुकडे कापते आहे, मधोमध एक घडी घालून, आणि चिठ्ठीवर लिहिते आहे की घडी उजेडाकडे वळवून पाहा. त्यासोबत सासरे स्टोल हातात धरून हळूहळू तिरका करतात असा दहा सेकंदांचा व्हिडिओ, त्याच ओसरीत, टेपचा पुठ्ठा शेजारी ठेवून. सात स्टोल उरले आहेत. मार्चच्या शेवटी त्यातले किती गेले आणि किती परत आले ते इथेच लिहीन.